बाबांच्या बुबुळातला सैल टाका, आणि डोळ्याला मिळालेली सवलत

कुळागर_डिचोली
नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मागच्या चवथीच्या आधी बाबा माटोळीचं सामान काढायला कुळागरात गेले होते. तिथे चुडताचं टोक उजव्या डोळ्याला लागलं. दोन दिवस घरीच गुलाबपाणी घातलं (इथे शिव्या घाला, हरकत नाही). तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बुरशी आहे. दोन महिने थेंब घातले, जखम भरली, पण बुबुळाच्या मध्यावर पांढरा डाग राहिला. त्या डोळ्याने त्यांना फक्त हात हललेला कळायचा. फेब्रुवारीत नेत्रदानातून बुबुळ मिळालं आणि कलम झालं. सोळा टाके. मे महिन्यात बाबा कदंबाच्या पाटीवरचं गाव वाचू लागले.

आता मुद्दा. ऑगस्टच्या शेवटी डोळा लाल झाला. त्या आठवड्यात आळीत सगळ्यांचेच डोळे आले होते, म्हणून आम्हीही तेच समजलो आणि फार्मसीतून थेंब आणले. पाच दिवस गेले. नजर धुरकट झाली तेव्हा धावत गेलो. डॉक्टरांनी दिव्याच्या यंत्रातून पाहिलं आणि म्हणाले, एक टाका सैल झालाय, तिथून रक्तवाहिन्या आत शिरल्यात, शरीर कलम नाकारतंय.

ते आता स्टिरॉईडच्या थेंबांवर आहेत. सुरुवातीला दर तासाला होते. सुधारणा दिसते आहे. उपचारांबद्दल माझी तक्रार नाही, माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या मावसभावाला किडनी बसवली तेव्हा रक्तगट जुळवला, आणखी काय काय जुळवलं, वर जन्मभर गोळ्या. बाबांच्या वेळी कुणी काही जुळवलं नाही. कोणाचं बुबुळ, रक्तगट कुठला, काही नाही. पोटात गोळी नाही, फक्त थेंब. आणि तरी शरीर सहा महिने गप्प बसलं. मग एका टाक्याने असं काय झालं? आधी का गप्प होतं, आणि नंतर का उठलं?

सह्याद्री_सर
तीस वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवलं, म्हणून लिहितो. उत्तर सोपं आहे. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात. शरीराची फौज रक्तातून फिरते. जिथे रस्ताच नाही तिथे पोलीस पोचत नाहीत, त्यामुळे परका माणूस गावात शिरला तरी कोणाला पत्ता लागत नाही. टाका सैल झाला, रस्ता तयार झाला, पोलीस आले. वृषणाचंही तेच, तिथे रक्त आणि शुक्रजंतूंमध्ये भिंत असते. थोडक्यात, लपवाछपवी.

आबोली
कुळागर, बाबांना लवकर बरं वाटू दे. वाचून माझ्या पोटात गोळा आला. आईला मोतीबिंदूची लेन्स बसवून तीन वर्षं झाली. तीही शरीर अशीच फेकून देईल का? तिचाही डोळा कधी कधी लाल होतो. 😟

दूधसागर
आबोलीताई, नाही. ती लेन्स प्लास्टिकची असते. शरीर ज्याला परकं म्हणून ओळखतं ती दुसऱ्या माणसाच्या पेशींवरची प्रथिनं असतात, आणि लेन्सवर पेशीच नाहीत. लाल डोळा मात्र दाखवून घ्या. कारण दुसरं काही असेल, साधा कोरडेपणाही असू शकतो.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, बुबुळाच्या दवाखान्यात काम करतो. कुळागर, डॉक्टरांनी तो टाका त्याच दिवशी काढला ना?

कुळागर_डिचोली
हो, तिथेच, यंत्रासमोर बसवून. बाबा म्हणाले, केसाहून बारीक काळा दोरा होता, चिमट्याच्या टोकाला दिसतही नव्हता.

तिसऱ्या
सह्याद्री सर, तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे. उरलेल्या अर्ध्यावर मी उमेदीची नऊ वर्षं घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी उंदरांच्या डोळ्यांवर काम करायचे. आता माशेलला परतलेय आणि उंदीर फक्त स्वयंपाकघरात पाहते.

आधी तुमची बाजू. पीटर मेडावरने १९४८ मध्ये सशाच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात, म्हणजे बुबुळाच्या मागे जे पाणी असतं तिथे, दुसऱ्या सशाच्या कातडीचा तुकडा ठेवला. त्याच जातीचं कलम छातीच्या कातडीवर लावलं तर थोड्याच दिवसांत गळून पडतं. डोळ्यात मात्र ते टिकलं, पण एका अटीवर: त्यात आजूबाजूच्या रक्तवाहिन्या शिरता कामा नयेत. शिरल्या की संपलं. म्हणजे तुमचा पोलीस आणि रस्ता मेडावरनेही पाहिला होता. त्याहीआधी, ७ डिसेंबर १९०५ ला, एडुआर्ड झिर्मने चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुराला बुबुळ बसवलं आणि त्याला दिसू लागलं. किडनीचं पहिलं यशस्वी कलम १९५४ चं, तेही जुळ्या भावांमध्ये. बुबुळ जवळपास पन्नास वर्षं पुढे, आणि कुणी काही जुळवलेलं नव्हतं.

पण निव्वळ लपवाछपवी असती तर एक गोष्ट व्हायला नको होती. आम्ही उंदराच्या डोळ्यात, पुढच्या कप्प्यात, परक्या प्रथिनाचा इवलासा थेंब टोचायचो. दोन-तीन मायक्रोलिटर. सुई काचेची, आम्हीच ओढून बारीक केलेली. आठवड्याने तेच प्रथिन पाठीच्या कातडीखाली, शरीर भडकेल अशा द्रावणात मिसळून द्यायचो. आणखी आठवड्याने ते कानाला टोचायचं आणि दुसऱ्या दिवशी मायक्रोमीटरने कानाची जाडी मोजायची. डोळ्याला न टोचलेल्या उंदराचा कान जाड, गुलाबी, गरम. डोळ्यात आधी थेंब मिळालेल्या उंदराचा कान जवळजवळ पातळच.

लक्षात घ्या, कान सुजायला हवा होता. पाठीवर रस्ते आहेत, पोलीस आहेत, सगळं आहे. तरी डोळ्यातून एकदा गेलेली ओळख अख्ख्या शरीराने निराळ्या अर्थाने लक्षात ठेवली. डोळा लपून बसला नव्हता, त्याने शरीराला निरोप पाठवला होता.

कुळागर_डिचोली
थांबा थांबा. निरोप कुठून कसा गेला?

तिसऱ्या
रक्तातून, प्लीहेकडे. ही त्यातली सगळ्यात गमतीची बाजू.

डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातलं पाणी सतत तयार होत असतं आणि बुबुळाच्या कडेच्या जाळीतून बाहेर पडून रक्तात मिसळत असतं. त्या पाण्यात टीजीएफ-बीटा नावाचं एक प्रथिन असतं, शिवाय आणखी काही रेणू. तिथे हिंडणाऱ्या, परकी वस्तू उचलणाऱ्या पेशी या पाण्यात भिजलेल्या असतात. एरवी अशा पेशीने परकं प्रथिन उचललं की ती लसीकाग्रंथीत जाते आणि 'मारा' म्हणते. डोळ्याच्या पाण्यात भिजलेली पेशी मात्र त्या जाळीतून रक्तात उतरते, प्लीहेत जाते, आणि तिथे दुसऱ्या पेशींच्या मदतीने अशा टी-पेशी घडवते की त्या फौजेलाच आवरतात.

खात्री कशी? प्लीहा काढून टाका, सहनशीलता तयारच होत नाही. किंवा टोचल्यावर पहिल्या काही दिवसांतच तो डोळा काढून टाका, तरीही होत नाही. म्हणजे निरोप जायला डोळाही लागतो आणि प्लीहाही. हे बरंचसं काम वेन स्ट्रायलाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांचं, सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून पुढचं.

आणि एक. त्या उंदराचं रक्त पाहिलं तर त्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी सापडतात. शरीर आंधळं झालेलं नाही, फक्त सूज आणणारी लढाई वगळलेली आहे. कारण डोळ्याला ती परवडत नाही. हातावर फोड आला, बरा झाला, डाग राहिला, काय बिघडलं? डोळ्यात तोच डाग मध्यावर राहिला तर बाबांसारखं होतं.

सह्याद्री_सर
बाई, मान्य, प्लीहेचं मला ठाऊक नव्हतं. आमच्या पुस्तकात ते नव्हतंच. पण बुबुळ हे पुढच्या कप्प्यातलं पाणी नव्हे. कलम तर बुबुळाच्या जागी बसतं.

तिसऱ्या
छान पकडलंत. कलमाची मागची बाजू त्याच पाण्यात भिजत असते आणि नाकारायची खरी लढाई तिथेच होते. बुबुळाच्या मागच्या पृष्ठभागावर पेशींचा एकच थर असतो. तो पाणी बाहेर उपसत राहतो, म्हणून बुबुळ पारदर्शक. माणसात त्या पेशी मेल्या की नव्या येत नाहीत, उरलेल्या पसरून जागा भरतात.

त्या पेशी स्वतःही निहत्थ्या नाहीत. त्यांच्यावर फास-लिगंड म्हणून एक रेणू असतो. चाल करून आलेली टी-पेशी त्याला भिडली की तीच मरते. १९९५ मध्ये थॉमस ग्रिफिथ आणि थॉमस फर्ग्युसन यांच्या गटाने हे डोळ्यात दाखवलं. मग ज्या उंदरांत हा रेणू बिघडलेला असतो त्यांची बुबुळं दुसऱ्या उंदरांना बसवून पाहिली. साधी परकी बुबुळं निम्म्याच्या आसपास टिकायची, ही जवळजवळ एकही टिकली नाही. औषध एक थेंबही न देता निम्मी टिकतात, हे लक्षात घ्या. कातडीचं परकं कलम औषधाशिवाय टिकतच नाही.

मांडवीपार
निम्मीच? म्हणजे नाणं उडवल्यासारखं. मग ही कसली सवलत?

तिसऱ्या
म्हणूनच थेंब. सवलत आहे, माफी नाही. 😄

दूधसागर
आता माझ्या बाजूने टाक्याचं सांगतो, कारण मूळ प्रश्न तो होता.

घट्ट टाका पृष्ठभागाखाली गाडलेला असतो, वरून पापणी सरकते, काही अडत नाही. सैल झाला की त्याचं वेटोळं किंचित वर येतं. त्यावर चिकट स्राव जमतो, जंतू बसतात, आणि दर पापणीसरशी तिथे घासलं जातं. आठवड्या-दोन आठवड्यांत बुबुळाच्या कडेची वाहिनी त्या टाक्याच्या दिशेने वाढू लागते. यंत्रात फार स्पष्ट दिसतं: कडेवरून लाल केसासारखी रेष निघते आणि थेट टाक्याच्या भोकाशी जाते. तिथून कलमाची कड मिलिमीटरभर लांब.

नाकारणं सुरू झालं की कधी कधी कलमाच्या मागच्या थरावर पांढुरक्या ठिपक्यांची एक रेष दिसते. ती खोदादूस्त रेष. ते ठिपके म्हणजे रोग्याच्याच पांढऱ्या पेशी. रोजच्या रोज ती रेष कलमावरून पुढे सरकते. जिथून ती गेली तिथलं बुबुळ सुजलेलं आणि धुरकट, जिथे अजून पोचली नाही तिथे स्वच्छ. सड्यावर आग लागते तेव्हा गवताची जळत जाणारी कड पाहिली असेल ना, तसं. कुळागर, बाबांना होती का?

कुळागर_डिचोली
होती! डॉक्टर म्हणाले होते, 'रेष अजून अर्ध्यावर आहे, वेळेत आलात.' मला वाटलं, पट्टीने आखल्यासारखी काहीतरी रेघ असेल. कागदपत्रं काढून पाहिली. कलमाची जाडी जुलैत ५४५ मायक्रॉन, त्या दिवशी ६९०, आणि परवा ५७०. मागच्या थराच्या पेशी मे महिन्यात २१०० होत्या, आता ११५०. या पेशींचं काय समजायचं?

दूधसागर
आकडा एका चौरस मिलिमीटरमधल्या पेशींचा आहे. त्या गेलेल्या परत येणार नाहीत. पण ११५० वर बुबुळ स्वच्छ राहतं. साधारण ५०० च्या खाली गेलं की पाणी उपसणं जमत नाही आणि ते कायमचं सुजतं. म्हणजे बाबांच्या खिशातले जवळपास निम्मे पैसे एका झटक्यात खर्च झाले, पण दुकान चालू आहे. असा दुसरा झटका परवडणार नाही.

आणि डोळे आलेत की कलम नाकारलं जातंय, हे घरी ओळखायचा प्रयत्न करू नका. तरी खूण सांगतो: डोळे आले की चिपडं, सकाळी पापण्या चिकटणं, खुपणं, पण चिपडं पुसली की दिसतं नीट. नाकारण्यात चिपडं नसतात, उजेड सहन होत नाही, आणि पुसूनही धूसर. लाली बुबुळाला लागून कडं धरते. कलम असलेल्या डोळ्यात यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी जायचं, चवथ असो की शिगमो.

कुळागर_डिचोली
पाच दिवसांचा हिशोब आमच्याकडेच आहे. तो मी कोणावर टाकत नाही.

पण अजून एक कोडं. वाहिनी तर फक्त कडेपर्यंत आली होती. तिसऱ्याताई म्हणतात, डोळा स्वतः प्लीहेकडे शांततेचा निरोप पाठवतो. मग तो निरोप कुठे गेला? वाहिनीने तो खोडून टाकला?

तिसऱ्या
वाहिनी एकटी येत नाही. लाल वाहिनीच्या बरोबरीने लसीकावाहिन्याही वाढतात. त्यांत रक्त नसतं, म्हणून यंत्रात दिसत नाहीत. त्या सरळ मानेतल्या ग्रंथींकडे जातात. म्हणजे आता डोळ्यातून दोन टपाल निघतात. एक पाण्यातून प्लीहेकडे: 'गप्प बसा.' दुसरं मानेकडे: 'परका आलाय.' दुसरं जोरात पोचलं की पहिलं हरतं.

याचा पुरावा असा. ज्या उंदरांची बुबुळं आधीच वाहिन्यांनी भरलेली आहेत, त्यांना बसवलेलं परकं कलम हमखास जातं. पण कलमाआधी त्याच उंदरांच्या मानेतल्या ग्रंथी काढल्या तर बहुतेक कलमं टिकली. वाहिन्या तशाच होत्या, फौज यायला रस्ता मोकळा होता, पण फौजेला बोलावणारं टपालच पोचलं नाही. सर, म्हणजे तुमच्या गावात पोलिसांच्या रस्त्याइतकीच पोस्टमनची वाट महत्त्वाची निघाली.

माणसाच्या ग्रंथी काढायच्या नसतात, हे वेगळं सांगायला नको.

अवांतर: बुबुळात मुळात वाहिन्या का नसतात, याचंही उत्तर गमतीचं आहे. वाहिनी वाढवणारा रेणू डोळ्यातही असतो. बुबुळ त्याला पकडून ठेवणारं एक प्रथिन सोडत राहतं. २००६ मध्ये जयकृष्ण अंबाटींच्या गटाने ते प्रथिन दाखवलं, आणि सोबत हेही की मॅनटी नावाच्या समुद्री प्राण्याच्या बुबुळात ते नसतं. मॅनटीच्या बुबुळात खरोखरच रक्तवाहिन्या असतात. तिची चुलतबहीण ड्युगाँग, म्हणजे आपली समुद्रगाय, तिच्यात ते प्रथिन आहे आणि बुबुळ स्वच्छ आहे.

झुआरी
मी बराच वेळ वाचतोय, आता विचारूनच टाकतो. नाव खोटं आहे, म्हणून धीर होतो. सरांनी वर वृषणाचा उल्लेख केला. दोन मुलांनंतर माझी नसबंदी झाली. मग घटस्फोट, दुसरं लग्न. गेल्या वर्षी नळी परत जोडून घेतली. शुक्रजंतू आले, पण डॉक्टर म्हणतात, एकमेकांना चिकटलेत, अँटीबॉडी आहेत. माझ्याच शरीराने माझ्याच शुक्रजंतूंविरुद्ध? मग ती भिंत गेली कुठे?

सह्याद्री_सर
झुआरी, यात लाजायचं काही नाही. भिंत सर्टोली पेशींची, हे मी शिकवलंय. जन्मल्याबरोबर शरीर आपलं काय आणि परकं काय ते शिकतं. शुक्रजंतू मात्र वयात आल्यावर, बारा-तेरा वर्षांनी तयार होतात. तोवर शाळा सुटलेली असते. म्हणून शरीराला ते परके, आणि म्हणून भिंत. नळी कापली की माल बाहेर सांडतो आणि शरीर तो पहिल्यांदा पाहतं. एवढं तरी बरोबर ना, बाई?

तिसऱ्या
सांडण्याचं बरोबर. नसबंदीनंतर निम्म्याहून जास्त पुरुषांत अशा अँटीबॉडी दिसतात. वृषण शुक्रजंतू बनवतच राहतं, बाहेर जायला वाट नसते, मागच्या नळीत दाब वाढतो, कुठेतरी गळतं. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. कळतं ते झुआरींसारखं नळी परत जोडल्यावर, आणि तेव्हाही अँटीबॉडी असूनही मूल झालेले लोक आहेत.

'पहिल्यांदा पाहतं' यावर मात्र अडखळते. २०१७ मध्ये केनेथ टंग यांच्या गटाने उंदरात दाखवलं की निरोगी वृषणातूनही शुक्रजंतूंची काही प्रथिनं नेहमीच भिंतीपलीकडे जात असतात. भिंतीत भोक पडून नाही. शुक्रजंतू पक्व होताना जो चोथा टाकून देतात तो सर्टोली पेशी गिळतात आणि त्यातलं थोडं रक्ताच्या बाजूला सोडतात. त्या थोड्याथोडक्या ओळखीवरच आवर घालणाऱ्या टी-पेशी पोसल्या जातात. त्या पेशी काढून टाकल्या तर भिंत शाबूत असूनही वृषणाला सूज येते. पण सगळी प्रथिनं अशी बाहेर जात नाहीत, काही खरोखर आतच कोंडलेली असतात. त्यांच्यापुरतं तुमचं लपवाछपवीचं म्हणणं टिकतं.

म्हणजे डोळ्यासारखंच काहीसं. दार नुसतं बंद नाही, किलकिलं ठेवून शेजाऱ्याशी ओळख ठेवलेली.

झुआरी
धन्यवाद ताई. मग माझ्या बाबतीत ही ओळख पुरली का नाही?

तिसऱ्या
गळती झाली ती ओळखीपेक्षा फार मोठी, आणि कोंडलेली प्रथिनंही त्यात आली असणार. पण दोन पुरुषांची एकच शस्त्रक्रिया, एकाला अँटीबॉडी, दुसऱ्याला नाही, असं का होतं याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. पुढचं तुमच्या डॉक्टरांशी बोला. शुक्रजंतू थेट अंड्यात सोडण्याच्या पद्धतीत चिकटण्याचा अडथळा उरत नाही, एवढं विचारून ठेवा.

मांडवीपार
मला यातली दुसरी बाजू जास्त घाबरवते. अशी सूट मिळालेली जागा विषाणूंना आयतीच नाही का?

तिसऱ्या
आहेच. इयन क्रोझिअर नावाचे डॉक्टर २०१४ मध्ये सिएरा लिओनला इबोलाच्या रुग्णांवर उपचार करताना स्वतः आजारी पडले. मरता मरता वाचले, रक्त विषाणूमुक्त झालं, घरी गेले. काही आठवड्यांनी डोळ्याला सूज आली. डॉक्टरांनी पुढच्या कप्प्यातलं पाणी सुईने काढून तपासलं तर इबोला. अश्रूंत मात्र नाही. निळा डोळा काही काळ हिरवा दिसत होता. बरे झालेल्या पुरुषांच्या वीर्यातही इबोलाचे अंश महिनोन् महिने सापडले. दोन्ही ठिकाणी कारण तेच, फौज हात राखून वागते.

आबोली
बाप रे. आता मी आईचा डोळा खरंच दाखवते. (दूधसागर, उद्या अपॉइंटमेंट घेतली.)

कुळागर_डिचोली
एक शेवटचं. बाबांच्या डाव्या डोळ्यातही लहानपणचा एक डाग आहे. कलमाचं चाललं होतं, आता मी घाबरलोय. पुढच्या वेळी रक्तगट जुळवून मागावा का? आणि उजव्या डोळ्याने एकदा नाकारलं म्हणून डावा आपोआप नाकारेल का?

दूधसागर
रक्तगटावर आमच्याकडेही दोन मतं आहेत. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत, वाहिन्या शिरलेल्या डोळ्यांमध्ये, टिश्यू जुळवून काही फायदा दिसला नाही, रक्तगट जुळवण्याचा थोडा असेल असं वाटलं. त्यामुळे सरसकट कोणी जुळवत नाही. माझ्या अनुभवात ज्या डोळ्यात वाहिन्या नाहीत तिथे याचा विचारही होत नाही. डाव्या डोळ्याच्या डागात वाहिन्या आहेत का, हे आधी बघा.

तिसऱ्या
दुसऱ्या डोळ्याबद्दल माझ्या मनातही शंका आहे. बुबुळ कापलं की त्यातल्या बारीक नसा तुटतात. २०१५ मध्ये जेरी नीडरकॉर्न यांच्या गटाने दाखवलं की उंदराच्या एका डोळ्यात नुसत्या त्या नसा तोडल्या तरी सवलत दोन्ही डोळ्यांतली जाते, आणि मग दुसऱ्या डोळ्यात बसवलेलं कलम नाकारलं जाण्याचं प्रमाण खूप वाढतं. पण हा उंदीर आहे. माणसांत दोन्ही डोळ्यांत कलमं होऊन वर्षानुवर्षं टिकलेली मी पाहिलीत. दूधसागर, तुमच्याकडे काय दिसतं?

दूधसागर
टिकलेलीही आहेत आणि गेलेलीही. मात्र दुसऱ्या डोळ्याचं कलम झाल्यावर आम्ही पहिल्या डोळ्यावरही जास्त लक्ष ठेवतो. ते उंदरांचं वाचून नव्हे, आधीपासूनच.

सह्याद्री_सर
माझा एक आक्षेप राहिलाच. वाहिन्या नाहीत आणि सवलत आहे, या दोन गोष्टी तुम्ही वेगळ्या करता. पण वाहिन्या आल्या की सवलत जातेच ना? मग पाया कुठला?

तिसऱ्या
सर, यावर आमच्या प्रयोगशाळेत चहाच्या वेळी वर्षानुवर्षं वाद चालायचा, आणि चहा आधी संपायचा. माझं मत: वाहिन्या नसणं हा पाया नाही, सवलतीच्या अनेक कारणांपैकी ते एक. पण माझे मार्गदर्शक शेवटपर्यंत तुमच्या बाजूचे होते.

कुळागर_डिचोली
आज दाखवून आलो. जाडी ५५६. थेंब दिवसातून सहा वेळा, डोळ्याचा दाब १९, तो स्टिरॉईडने वाढतो म्हणून दर भेटीत मोजतात. उरलेल्या पंधरा टाक्यांपैकी घड्याळातल्या चारच्या जागचा एक थोडा ढिला वाटतो, तो पुढच्या मंगळवारी बघणार. बाबा विचारतात, तोवर माटोळीला हात लावू का. मी 'नाही' म्हटलंय.

दूधसागर
मंगळवारपर्यंत का थांबता? ढिला वाटतोय तर उद्याच फोन करा.